नमिताच्या मोबाइलातलं दुसरं नाव

कमळला ते दुसरं नाव दिसलं ते चुकून. नमिता ओट्यावर मोबाइल ठेवून कोळंबीचं पाणी बदलायला आत गेली होती आणि मोबाइलवर वायफायची यादी उघडीच राहिली होती. आपण मुद्दाम पाहिलं नाही, असं कमळ नंतर सगळ्यांना सांगत होती. ते खरंही असेल, कारण उघड्या गोष्टीवरून नजर फिरवायला कमळला मुद्दाम काही करावं लागत नाही. यादीत त्यांच्या घराचं नाव होतं, 'एकवीरा'. होडीचंच नाव कृणालने वायफायला दिलं होतं. पण त्याच्या वर आणखी एक 'एकवीरा' होतं आणि त्याच्या शेवटी 5G असं लावलेलं होतं. नमिताचा मोबाइल त्या वरच्या नावाला जोडलेला होता.

कमळने कमरेचा मोबाइल काढला. तिच्या यादीत शेजारच्यांची पाच-पंचवीस नावं होती आणि घरचं एकच, साधं 'एकवीरा'. तिने यादी खाली सरकवली, वर सरकवली, वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं. दुसरं नाव आलं नाही. नमिता बाहेर आली तेव्हा कमळ सुरीला धार लावत बसली होती आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली होती.

ही कमळ खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या घरातली थोरली जाऊ, नमिता धाकटी. खाली कमळ आणि हरेश्वर, वर नमिता आणि कृणाल. भावांची होडी एकच आणि होडीवर आलेली मासळी विकायची ती दोघी जावांनी. होडी लागली की नमिता मासळीचे दोन वाटे लावायची आणि कमळ आधी उचलायची. जो वाटे लावतो त्याने शेवटी घ्यायचं, ही सासूच्या वेळेपासूनची रीत. त्यामुळे वाटे कधी कमी-जास्त झाले नाहीत आणि बारा वर्षांत त्यावरून एक शब्द निघाला नव्हता. इतर शब्द पुष्कळ निघाले, पण ते कुठल्या घरात निघत नाहीत?

अलीकडे दोघींचा धंदा मोबाइलवर आला होता. कमळची खार-वांद्र्याच्या इमारतींतली जुनी गिऱ्हाइकं होती, नमिताने अंधेरीच्या टॉवरमधली जोडली होती. सकाळी मासळी ओट्यावर मांडायची, व्हिडिओ कॉल लावायचा, पापलेटचा कल्ला उचलून लाल भडक दाखवायचा, बोंबील चिमटीत धरून दाखवायचा. गिऱ्हाईक वरून बोट दाखवतं, खालून पिशवी जाते. दोघींनी मिळून वायफाय घेतलं ते त्यासाठीच. राउटर वर नमिताच्या खोलीत, दाराजवळच्या फळीवर बसवला, कारण तार गच्चीवरून आली होती. तेव्हा कमळला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं.

कारण कमळचं चित्र अडकत होतं. वर नमिताचं चित्र कसं धावायचं ते तिने स्वतः पाहिलं होतं. इथे खाली मात्र कमळ कल्ला उचलायची आणि पलीकडच्या बाईंना तो उचललेला दिसायचाच नाही. मध्येच चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. एकदा सोळाव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "कमळ, माशाचा डोळा काही नीट दिसत नाही गं. कालचं तर नाही ना?" कमळला कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. उभ्या आयुष्यात तिने शिळा मासा ताजा म्हणून विकला नव्हता. त्या बाईंना ती काही बोलली नाही, गिऱ्हाईक होतं. पण तो राग कुठेतरी जायला हवा होता, आणि वर जायला जिना अगदी जवळ होता.

तिने आधी सरळच विचारलं. "नमे, तुझ्या मोबाइलात वायफायची दोन नावं कशी गं?"

"दोनच हायत ना वयनी," नमिता म्हणाली. "तो तार जोडणारा बोलला होता, दोन नावं दिसतील. फाइव्ह-जीवालं फास्ट हाय, ते लावा. पासवर्ड सेमच हाय."

"मला एकच दिसतं."

"असं कसं? दे बघू."

नमिताने मोबाइल घेतला, पाहिला आणि तिचा चेहरा जरा गोंधळला. कमळने तो गोंधळ अचूक टिपला आणि त्याला दुसरंच नाव दिलं. मग कृणाल आला. त्याने मोबाइल राउटरच्या अगदी खाली धरला, बंद करून चालू केला, शेवटी ते नाव स्वतः टाइप करून पासवर्डही घातला. मोबाइलवर चकती गोल गोल फिरत राहिली आणि मोबाइल जोडता येत नाही म्हणाला.

"काहीतरी सेटिंग असेल वयनी," कृणाल मान खाजवत म्हणाला. "बघतो मी."

मान खाजवणारा दीर कमळने त्याच्या लहानपणापासून पाहिला होता. होडीचं डिझेल विसरला की तो अशीच मान खाजवायचा. म्हणजे काहीतरी लपवतोय, हे तिने पक्कं धरलं. तो काहीच लपवत नव्हता, त्याला फक्त काही कळत नव्हतं. पण कृणालच्या बाबतीत हे दोन्ही चेहरे सारखेच दिसतात, हा त्या बिचाऱ्याचा जन्माचा घोटाळा आहे.

चार-सहा दिवस 'बघतो' म्हणण्यात गेले. तोवर कमळने स्वतःच सगळं जुळवून टाकलं होतं. राउटर वर, पासवर्ड कृणालने ठरवलेला, चांगलं नाव नमिताच्या मोबाइलात, उरलेलं खालच्यांना. वाटे लावायचे ते हिने आणि मोठा वाटा आधीच टोपलीखाली सरकवायचा तोही हिने! मासळीत जमत नाही म्हणून वायफायमध्ये केलं. हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग कमळला जुन्या गोष्टीही नव्या उजेडात दिसायला लागल्या. नमिता परवा अंधेरीच्या गिऱ्हाइकाशी हळू आवाजात का बोलत होती? मला पाहून तिने मोबाइल उलटा का ठेवला? खरं तर ओल्या हाताने पडदा खराब होतो म्हणून नमिता मोबाइल नेहमीच उलटा ठेवायची. पण संशयाला एवढा वेळ नसतो.

त्या सकाळी कमळचा कॉल तीनदा तुटला आणि ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

"नमे! वाटा लपवून खायचा असेल तर एका घरात राहू नका!"

गल्लीतली दारं उघडली. नमिता वरच्या पायरीवर आली. हातात खवलं काढायची सुरी तशीच होती.

"कसला वाटा लपवला मी, वयनी?"

"ते नाव! माझ्यापासून झाकलंस ना? मीच निम्मं भरते ना त्याचं? मग मला का उरलेलं?"

"आईशपथ, मी काय पण केलं नाय गं."

"शपथ नको. नाव दिसू दे."

नमिता आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खाली आली, पदराला हात पुसत. "वयनी, आता दोघींना सारखंच झालं बघ," ती म्हणाली. आवाज जरा बसलेला होता. कमळने लगेच मोबाइल उघडला. यादीत तेच, तेवढंच, एकच 'एकवीरा'. काडीचाही फरक नव्हता.

"कुठे सारखं? माझ्यात तर कालचंच हाय."

"माझ्यात पण..." नमिताने आपला मोबाइल पुढे केला.

"तुझ्या हातातलं तू पाहिजे तसं दाखवशील," कमळ म्हणाली आणि तिने त्या मोबाइलकडे पाहिलंच नाही.

एवढं बोलून ती आत गेली. वास्तविक मान जरा वळवली असती तर काम झालं असतं. पण कमळची मान पहिल्यापासून ताठ, आणि त्या दिवसांत तर ती लाकडाचीच झाली होती.

त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. वरून सकाळी नमिताचा आवाज यायचा, "हॅलो मॅडम, दिसतंय का? आता दिसतंय? थांबा हां, परत लावते." पूर्वी हे कधी ऐकू आलं नव्हतं. कमळ खाली सुरमईचे तुकडे करता करता ते ऐकायची आणि हरेश्वरला म्हणायची, "ऐक, ऐक. नाटक. माझ्या कानावर पडावं म्हणून मुद्दाम दाराशी येऊन ओरडते. म्हणजे आपल्याला वाटावं, हिचं पण बंद पडलंय."

हरेश्वर जाळ्याची भोकं शिवत बसलेला असायचा. त्याचा मोबाइल बटणांचा. वायफाय म्हणजे काय हे त्याने आयुष्यात विचारलं नव्हतं. "जाऊ दे ना," तो म्हणायचा. नवरे असं म्हणतात तेव्हा बायकांना आपलंच बरोबर असल्याची खात्री पटते.

आणि मग ती शुक्रवारची सकाळ आली. होडी लागली, टोपल्या ओट्यावर आल्या. नमिताने नेहमीसारखे दोन वाटे लावले: पापलेट, दोन-दोन रावस, वर मूठमूठ कोळंबी. आणि ती मागे सरून उभी राहिली, कमळने आधी उचलावं म्हणून. कमळ खाली वाकली. पण तिने उचललं नाही. तिने एका वाट्यात हात घातला आणि मासळी उलटीपालटी केली, खालचं वर आणून पाहिलं. मग दुसऱ्या वाट्यातही तेच केलं. गिऱ्हाईक परक्या कोळणीच्या टोपलीत करतं तसं. हरेश्वर आणि कृणाल दोघेही समोर उभे होते. शेजारची बाई नळावर भांडी घासत होती, तिचे हात थांबले.

खाली काही निघालं नाही. दोन्ही वाटे चोख होते.

नमिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते गळू दिलं नाही. उरलेला वाटा टोपलीत भरला, टोपली डोक्यावर घेतली आणि ती जिना चढून गेली. कृणाल म्हणाला, "वयनी, हे चांगलं नाय केलंस." तेव्हा तो मान खाजवत नव्हता. कमळने स्वतःला समजावलं की इथे नाही, तर दुसरीकडे असेल.

त्याच दुपारी तिने हरेश्वरला सांगून टाकलं, "त्यांना सांग, वेगळे व्हा. होडी तुमची दोघांची राहू दे. पण मासळी टोपलीत पडली की त्यांचं त्यांनी विकावं, आपलं आपण. आणि घरात पण नको." हरेश्वर जाळं शिवत बसला. शेवटी संध्याकाळी तो वर गेला. त्याला वाटलं होतं, भाऊ भांडेल, मग आपण भांडू, मग कुणीतरी मध्ये पडेल आणि सगळं मिटेल. तसं काही झालं नाही. नमिता एवढंच म्हणाली, "बरं." वाकोल्याला तिच्या मावशीच्या चाळीत एक खोली रिकामी होती. रविवारी टेम्पो बोलवायचं ठरलं. खारदांड्यात वाढलेला कृणाल आता वाकोल्याहून रोज होडीवर येणार होता. समुद्र सोडून वाकोल्याला राहणारा कोळी! हरेश्वर त्या रात्री जेवला नाही.

कमळ जेवली, पण तिलाही गिळवलं नाही. जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं.

शनिवारी ती लेकीकडे अंधेरीला गेली. कल्पिता लग्नानंतर तिथे राहत होती, एमआयडीसीतल्या एका ऑफिसात कामाला होती. आईने आणलेले बोंबील तिने फ्रीजमध्ये ठेवले आणि विचारलं, "काकी उद्या जाणार? खरंच? काय झालं गं नक्की?"

कमळने पहिल्यापासून सांगितलं. कल्पिता ऐकत होती आणि अधूनमधून तिच्या कपाळाला आठी पडत होती. कमळला ती आठी नमितासाठी आहे असं वाटलं.

"म्हणजे तुझ्या मोबाइलवर ते नाव कधीच आलं नाही?" कल्पिताने विचारलं.

"कधीच नाय. वर राउटरच्या खाली उभी राहिले तरी नाय."

"दे तुझा मोबाइल." कल्पिताने आपल्या घरच्या वायफायची यादी आईच्या मोबाइलवर उघडली. मग आपला मोबाइल तिच्या शेजारी ठेवला. "बघ. माझ्या घरात पण दोन नावं आहेत. माझ्यात दोन्ही दिसतात. तुझ्यात कितीदाही बघ, एकच."

कमळने पाहिलं. कल्पिताच्या मोबाइलवर दोन नावं, एकाच्या शेवटी 5G. तिच्या स्वतःच्या मोबाइलवर एक.

"मग आई, इथे कुणी लपवलं? मी?"

हा प्रश्न कमळने नमिताला विचारला होता, हवा तसा, जोरात. आपल्या पोटच्या पोरीने तो आपल्यालाच उलटा विचारावा यासाठी तिची तयारी नव्हती.

"वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं," कल्पिता म्हणाली. "एक जुना पट्टा. तो लांब जातो, भिंतीतून जातो, पण गर्दी फार. दांड्यातल्या घराघरातले राउटर त्याच पट्ट्यावर बोंबलतात, म्हणून तुझं चित्र अडकतं. दुसरा नवा. वेगवान, पण भिंत आली की दमतो. तुझ्या मोबाइलमध्ये त्या दुसऱ्या पट्ट्याचं यंत्रच नाहीये. तो फक्त जुनं ऐकतो. जे ऐकूच येत नाही त्याचं नाव तो यादीत कुठून आणणार? सेटिंग नाही, काही नाही. आणि हे 5G म्हणजे सिमकार्डचं फाइव्ह-जी पण नव्हे, हे निव्वळ त्या पट्ट्याचं नाव."

"पण त्यांनी बंद केलं असेल तर? माझ्यापुरतं?"

"तुझा मोबाइल अडवला असता तर नाव दिसलं असतं, फक्त आत घेतलं नसतं. आणि नावच लपवलं असतं तर सगळ्यांच्या यादीतून गेलं असतं. काकीच्या यादीत तर दिसत होतं ना? एकट्या तुझ्यापासून नाव लपवता येत नाही, आई."

समजायला कठीण नव्हतं. पण कमळच्या मनातली पाल एवढ्याने मरणारी नव्हती. नमिताने हिला आधीच फोन केला नसेल कशावरून? काकी-पुतणीचं गूळपीठ तिला ठाऊक होतं. लेक हुशार, पण भोळी. कमळने चहा घेतला, पदर खोचला आणि जरा खाली जाऊन येते म्हणाली.

खाली रस्त्यावर मोबाइलचं दुकान होतं. दुकानदाराला तिने कधी पाहिलं नव्हतं, त्याने तिला पाहिलं नव्हतं, आणि नमिताला तर तो ओळखणंच शक्य नव्हतं. कमळने आपला मोबाइल काउंटरवर ठेवला. "ह्याच्यात फाइव्ह-जीवालं वायफाय दिसत नाय. का?"

त्याने मोबाइल उचलून मागे-पुढे पाहिला आणि म्हणाला, "मावशी, जुनं मॉडेल आहे. ह्याच्यात ते येतच नाही. नवीन दाखवू?"

नवीन विकायचाय म्हणून बोलतोय, कमळने मनात नोंद केली. ती एवढ्यावर मागे हटणारी नव्हती. "तुमच्या मोबाइलातली यादी दाखवा," ती म्हणाली. दुकानदाराला गंमत वाटली. त्याने आपली वायफायची यादी उघडली आणि दोन्ही मोबाइल काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. रस्त्यावरच्या दुकानांची, वरच्या इमारतींची, समोरच्या दवाखान्याची, किती तरी नावं. त्याच्या यादीत कितीतरी नावांच्या शेवटी 5G होतं. काही तर जोडीजोडीने होती, एक साधं, एक 5G लावलेलं. कमळने आपली यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. साधी नावं बहुतेक सगळी होती. 5G वालं एकही नव्हतं. एकही नाही!

नमिताने कोणाकोणाला सांगितलं असेल? ह्या दवाखान्याला? त्या मिठाईवाल्याला? अख्ख्या अंधेरीने ठरवून कमळपासून आपली नावं लपवली असतील? एवढी मोठी बाई ती नव्हती, हे तिलाही कळत होतं.

"दाखवू का नवीन, मावशी?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"नको," कमळ म्हणाली. शुक्रवारची सकाळ तिला आठवत होती. वाट्यात घातलेला आपला हात, नळावरच्या बाईचे थांबलेले हात. खरंच लाज वाटली तिला, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत.

रविवारी ती लेकीकडून सकाळच्या पहिल्या बसने निघाली. वाटेत तिने काय बोलायचं ते जुळवलं. माझा मोबाइल जुना निघाला, असं सुरू करायचं. मग चूक झाली म्हणायचं. मग टेम्पो परत पाठवायचा. नमिता आधी रडेल, मग चिडेल, मग चहा ठेवेल. कमळला आपली जाऊ चांगली ठाऊक होती, असं तिला अजूनही वाटत होतं.

घरी आली तेव्हा जिन्यात खोके लागले होते. वरच्या खोलीत नमिता जमिनीवर बसून शेवटचा कॉल करत होती. गिऱ्हाइकांना नवीन पत्ता सांगत होती. तिच्या मोबाइलवरचं चित्र अडकलेलं होतं, गिऱ्हाइकाचं तोंड अर्धं उघडं तसंच थांबलं होतं. "हॅलो मॅडम? दिसतंय का?" नमिता म्हणाली. मग तिने कॉल बंद केला. दारात कमळ उभी होती.

"तुझं पण अडकतं?" कमळने विचारलं. हे तिच्या जुळवलेल्या बोलण्यात नव्हतं.

"रोज अडकतं."

"पण तुझ्याकडे ते फास्टवालं..."

नमिताने वायफायची यादी उघडली आणि मोबाइल जमिनीवर तिच्यासमोर ठेवला. ह्या वेळी कमळने पाहिलं. शेजारच्यांची नावं होती आणि घरचं एकच, साधं 'एकवीरा'.

"दुसरं कुठे गेलं?"

"बंद केलं," नमिता म्हणाली. "तू जिन्यात ओरडलीस ना, त्याच रात्री. कृणालला सांगितलं, राउटरमधून ते फास्टवालं बंदच करून टाक. वयनीला नाय तर मला पण नको. दोघींना एकच राहू दे."

कमळ उंबऱ्यावरच बसली. म्हणजे इतके दिवस वरून येणारं ते 'दिसतंय का' नाटक नव्हतं. अंधेरीची गिऱ्हाइकं नमिताच्या हातून सुटत होती आणि ती खाली येऊन एका शब्दाने बोलली नव्हती. आणि आपण आपल्या मोबाइलात पाहत होतो. तिथे आधीही एकच नाव होतं, नंतरही एकच. नमिताने आपल्यासाठी काय सोडलं ते त्या मोबाइलात दिसणंच शक्य नव्हतं.

"माझा मोबाइल जुना हाय गो," कमळ म्हणाली. "त्याला ते दिसतच नाय. अंधेरीत पण नाय, कुठेच नाय. तू काय पण केलं नव्हतंस."

"मला पण माहीत नव्हतं," नमिता म्हणाली. "मला वाटलं, तुला आम्ही नको झालोय. वायफाय नुसतं निमित्त हाय. नाय तर एवढं बंद केल्यावर पण तू तेच तेच का बोलली असतीस?"

म्हणजे संशय फक्त खालीच नव्हता, वरही होता. कमळला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, निदान थोडं. उलट तिचा जीव अजूनच कासावीस झाला.

"चुकलं माझं. नका जाऊ," ती म्हणाली. "कृणाल, चालू कर रे ते. आताच्या आता कर."

खोका बांधत असलेल्या कृणालने बायकोकडे पाहिलं. नमिताने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. त्याने मोबाइलवर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी दाबलं. थोडा वेळ घरातलं नेट गेलं, मग आलं. "झालं," तो म्हणाला.

नमिताने आपली यादी पाहिली. मग कमळला विचारलं, "तुझ्यात दिसतंय?"

कमळने मोबाइल काढलासुद्धा नाही. "माझ्यात कसं दिसेल?"

"मग झालं की नाय झालं, तुला कसं कळणार?"

"तू सांगतेस ना," कमळ म्हणाली. "तू सांगितलंस की झालं. पुरे मला."

नमिता तिच्याकडे बघत राहिली. चिडलेली नव्हती ती. चिडली असती तर कमळला पुढचं बोलता आलं असतं.

"तेव्हा पण सांगितलंच होतं, वयनी," नमिता म्हणाली.

खाली टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला. कृणालने एक खोका खांद्यावर घेतला, नमिताने भांड्यांची पिशवी उचलली. कमळ दारातून बाजूला झाली नाही. तिला वाटत होतं, आपण दारात बसून राहिलो तर त्यांना जाता येणार नाही. मग तिच्या लक्षात आलं की दोघंही ओझं घेऊन तिच्या उठण्याची वाट बघत उभी आहेत. ती उठली. भिंतीशी एक खोका उरला होता. तो तिने उचलला आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरायला लागली.